‘नत्थिता न होति’चे मराठी करताना : पाली सुत्तांतले दुहेरी नकार आणि नकारी उपसर्ग

रविवारच्या पाली वर्गात एक चूक दरवर्षी नव्या हस्ताक्षरात माझ्यापुढे येते. बुद्धांनी कच्चान या भिक्षूला केलेल्या उपदेशातले, कच्चानगोत्त सुत्तातले (संयुत्त निकाय १२.१५), वाक्य असते : ‘या लोके नत्थिता सा न होति’. वहीत ‘नत्थिता’मधल्या ‘न’वर एक काट मारलेली असते, पुढच्या ‘न’वर दुसरी, आणि समासात बारीक अक्षरात लिहिलेले असते : ‘वजा गुणिले वजा, अधिक’. खाली मराठी : ‘जगात अस्तित्व असते.’ गणित बरोबर, सुत्त चूक.

गंमत म्हणजे त्याच वहीत लगेच पुढच्या ओळीचे मराठी ‘जगात अस्तित्व नसते’ असे बरोबर उतरवलेले असते. दोन ओळी एकमेकींना छेदतात तरी लिहिणाऱ्याला खटकत नाही, कारण प्रत्येक ओळ सुटी सोडवलेली असते.

नकार ज्या क्रमाने हाताळावेत तो क्रम खाली दिला आहे. तो उलटा केला की घोटाळा होतो : बहुतेक जण आधी अर्थ लावतात आणि मग नकार त्यात बसवतात. संपूर्ण लेखात कच्चानगोत्त सुत्ताचाच उतारा हाताशी ठेवला आहे, बाकी उदाहरणे गरजेपुरती.

## तयारी

मूळ पाठ देवनागरीत घ्या. इगतपुरीच्या विपश्यना विशोधन विन्यासाची छट्ठ संगायनाची प्रत सोयीची पडते. रोमन लिपीतल्या प्रतीत दीर्घ ‘आ’वरची आडवी रेघ टायपिंगमध्ये गळाली, तर ‘अ’ आणि ‘आ’ यांतला फरकच जातो, आणि नकार ओळखायचा तर तोच फरक हवा असतो.

वहीचे पान आडवे धरून तीन रकाने आखा. पहिल्यात पाली शब्द जसाच्या तसा, दुसऱ्यात त्याची फोड, तिसऱ्यात फक्त एक खूण : नकार आहे, नाही किंवा शंका. मराठी अर्थाला या पानावर जागा ठेवू नका. अर्थाचा रकाना दिसला की हात तिकडेच जातो.

एका बैठकीत दहाबारा ओळींपेक्षा जास्त घेऊ नका. आपला उतारा एवढाच आहे :

> द्वयनिस्सितो ख्वायं, कच्चान, लोको येभुय्येन – अत्थितञ्चेव नत्थितञ्च. लोकसमुदयं खो, कच्चान, यथाभूतं सम्मप्पञ्ञाय पस्सतो या लोके नत्थिता सा न होति. लोकनिरोधं खो, कच्चान, यथाभूतं सम्मप्पञ्ञाय पस्सतो या लोके अत्थिता सा न होति. उपयुपादानाभिनिवेसविनिबन्धो ख्वायं, कच्चान, लोको येभुय्येन. तञ्चायं उपयुपादानं चेतसो अधिट्ठानं अभिनिवेसानुसयं न उपेति न उपादियति नाधिट्ठाति – ‘अत्ता मे’ति. ‘दुक्खमेव उप्पज्जमानं उप्पज्जति, दुक्खं निरुज्झमानं निरुज्झती’ति न कङ्खति न विचिकिच्छति अपरपच्चया ञाणमेवस्स एत्थ होति.

यानंतर थोडे पुढे : ‘सब्बं अत्थी’ति एक टोक, ‘सब्बं नत्थी’ति दुसरे टोक, आणि ‘एते ते, कच्चान, उभो अन्ते अनुपगम्म मज्झेन तथागतो धम्मं देसेति’.

## टप्पा १ : संधी सोडवा, लपलेला ‘न’ बाहेर काढा

सुटा उभा असलेला ‘न’ कोणाच्याही नजरेतून सुटत नाही. सुटतो तो संधीत विरघळलेला. आपल्या उताऱ्यात ‘न उपेति न उपादियति’ हे दोन नकार मोकळे आहेत, तिसरा मात्र ‘नाधिट्ठाति’मध्ये शिरला आहे : न + अधिट्ठाति. घाईत वाचणारा तिघांपैकी दोनच मोजतो.

असेच नेहमी भेटणारे शब्द विहारातल्या वाचनातून ओळखीचे असतात. ‘नेतं मम’ म्हणजे न + एतं मम. ‘नेसोहमस्मि’ म्हणजे न + एसो + अहं + अस्मि. ‘नयिदं’ म्हणजे न + इदं, मधला ‘य’ उच्चाराच्या सोयीसाठी आला आहे. ‘नो चेतं’ म्हणजे नो + चे + एतं, ‘हे जर नसते तर’. यातला ‘चेतं’ चित्ताशी जोडून मी एकदा चक्क ‘चित्त नाही’ असे भाषांतर वाचले आहे.

सगळ्यात फसवा प्रकार म्हणजे उपसर्गातला ‘अ’ आधीच्या शब्दाच्या शेपटीत मिसळतो तो. अनत्तलक्खण सुत्तात प्रश्न येतो : ‘यं पनानिच्चं दुक्खं वा तं सुखं वा?’ कान ‘निच्चं’ ऐकतो. फोड आहे पन + अनिच्चं. इथे नकार हुकला तर ‘जे नित्य आहे ते दुःख की सुख?’ असा प्रश्न होतो आणि भिक्षूंचे ‘दुक्खं, भन्ते’ हे उत्तर वेडगळ ठरते.

सावधान : ‘न’ने सुरू होणारा प्रत्येक शब्द नकारी नसतो. ‘नाम’, ‘नाना’, ‘नु’ यांचा नकाराशी संबंध नाही. ‘ननु’मध्ये ‘न’ आहे, पण वाक्य प्रश्नाचे असते आणि उत्तर ‘हो’ अपेक्षित असते, आपल्या ‘तू काल आला होतास ना?’मधल्या ‘ना’सारखे.

## टप्पा २ : शब्दारंभीच्या ‘अ’ची झडती घ्या

पाली शब्द ‘अ’ने सुरू झाला की तो नकार असावा असे मराठी माणसाला आपसूक वाटते. आपल्याकडे अज्ञान, अशांत, अपूर्ण अशी रांग लागलेली असते ना. पालीत मात्र शब्दारंभी निदान पाच वेगवेगळे ‘अ’ उभे असू शकतात, आणि त्यांपैकी एकच नकाराचा.

पहिला खरा नकार : अविज्जा, अनिच्च, अकुसल. स्वरापूर्वी तो ‘अन्’ होतो : अनत्ता, अनुत्तर.

दुसरा भूतकाळाचा ‘अ’. कच्चानगोत्त सुत्ताच्या सुरुवातीला ‘एतदवोच’ येते : एतद् + अवोच, ‘असे म्हणाला’. हा ‘अ’ काढला तर ‘न बोलणे’ सापडत नाही, नुसता भूतकाळ जातो. अहोसि, अदासि, अगमासि हे त्याचेच भाऊबंद. इथे आणखी एक खड्डा आहे. ‘मा’ हा निषेधाचा शब्द पालीत बहुधा याच भूतकाळी रूपाबरोबर येतो आणि तेव्हा काळ भूत राहत नाही. अनत्तलक्खण सुत्तातले ‘एवं मे रूपं मा अहोसि’ म्हणजे ‘माझे रूप असे नव्हते’ नव्हे. ‘माझे रूप असे न होवो’ अशी ती इच्छा आहे. ‘मा’ दिसला की क्रियापदाचा काळ विसरा.

तिसरा म्हणजे आखूड झालेला ‘आ’. पालीत जोडाक्षराआधी दीर्घ स्वर सहसा टिकत नाही, म्हणून संस्कृतचा ‘आस्वाद’ इथे ‘अस्साद’ होतो, ‘आक्रोश’चा ‘अक्कोस’, ‘आख्यात’चा ‘अक्खात’. आता शेजारी ‘अस्सुतवा’ ठेवा. दिसायला ‘अस्साद’चा जुळा भाऊ, पण हा अश्रुतवान, म्हणजे ज्याने धम्म ऐकलेला नाही तो, खरा नकारी. जोडाक्षरावरून निवाडा होत नाही. निवाडा होतो तो शब्द संस्कृतात, म्हणजे बहुतेक वेळा आपल्या मराठीतल्या तत्सम शब्दात, परत नेऊन पाहिल्यावर. ही सोय आपल्याला फुकट मिळालेली आहे, ती वापरावी. ‘अञ्ञा’ आणि ‘अञ्ञाण’ ही जोडी अशीच : ‘अञ्ञा’ हे अर्हताचे अंतिम ज्ञान (मूळ ‘आज्ञा’, पण हुकूम या अर्थी नव्हे), आणि ‘अञ्ञाण’ म्हणजे अज्ञान. एका अक्षराच्या फरकाने माणूस मुक्त किंवा अडाणी ठरतो.

चौथा ‘अप्प’मधला. ‘अप्पिच्छ’ म्हणजे अल्प इच्छा असलेला. ‘अप्पमाद’ मात्र अल्प माद वगैरे काही नव्हे, तो अ + पमाद, अप्रमाद. ‘अप्पत्वा’ही तसाच : अ + पत्वा, ‘न गाठता’. पुढे टप्पा ४ मध्ये त्याची गरज पडेल.

पाचवा आणि आपल्या उताऱ्यासाठी महत्त्वाचा : ‘अनु’. ‘अनुपस्सी’मध्ये अनु + पस्सी, ‘लक्षपूर्वक पाहणारा’. ‘अनुप्पन्न’मध्ये अन् + उप्पन्न, ‘न उपजलेले’. ‘अनुप्पत्त’मध्ये पुन्हा अनु + पत्त, ‘पोचलेला’. आता ‘उभो अन्ते अनुपगम्म’ पाहा. अनु + पगम्म अशी फोड करून ‘दोन्ही टोकांच्या मागोमाग जाऊन’ असे लिहिलेले मी तपासले आहे. म्हणजे तथागत दोन्ही टोके गाठून मधून उपदेश करतात! फोड आहे अन् + उपगम्म, ‘जवळ न जाता’. ओळखायचे कसे? उरलेला तुकडा एकटा उभा करून पाहा. ‘पगम्म’ उभा राहत नाही, ‘उपगम्म’ राहतो. शिवाय ‘उपेति’, ‘उपय’ हे त्याच कुळातले शब्द याच सुत्तात वर येऊन गेलेत.

‘अभिनिवेसानुसयं’मध्ये नकार नाही (अभि, अनु). ‘अधिट्ठानं’मध्येही नाही. ‘अपरपच्चया’ मात्र थांबायला लावतो. मराठीत ‘अपर’ म्हणजे दुसरा, ‘अपर जिल्हाधिकारी’मधला. त्या वाटेने गेलात तर ‘दुसऱ्याच्या प्रत्ययाने ज्ञान होते’ असा बरोबर उलटा अर्थ निघतो. फोड अ + पर + पच्चया अशी आहे : दुसऱ्यावर विसंबून नसलेले.

तपासणी : उरलेला तुकडा दोन्ही फोडींत उभा राहिला तर? तर तिसऱ्या रकान्यात ‘शंका’ लिहा आणि पुढे चला, जबरदस्तीने निवाडा करू नका. धम्मपदाच्या ९७व्या गाथेत हे मुद्दाम केलेले आहे. ‘अस्सद्धो अकतञ्ञू च’ हे ऐकताना ‘अश्रद्ध आणि कृतघ्न’ वाटते, आणि गाथा संपते ती ‘स वे उत्तमपोरिसो’ म्हणत. ‘अकतञ्ञू’ची दुसरी फोड अकत + ञ्ञू, जे केलेले नाही ते, म्हणजे निब्बाण, जाणणारा. ‘अस्सद्धो’ म्हणजे स्वतः पाहिल्यामुळे दुसऱ्याच्या शब्दावर भिस्त न ठेवणारा. इथे एकच अर्थ मराठीत उतरतो, दुसरा टिपेत सांगावा लागतो. त्याला इलाज नाही.

‘वि’ आणि ‘नि’ यांच्याबद्दल थोडक्यात : ‘विराग’मध्ये ‘वि’ नकाराकडे झुकतो, ‘विपस्सना’ आणि ‘विञ्ञाण’मध्ये मुळीच नाही. आपल्या उताऱ्यातले ‘विनिबन्ध’ आणि ‘विचिकिच्छति’ हे दोन्ही नकारी नाहीत. ‘विचिकिच्छति’ म्हणजे संशय घेतो, त्याच्या आधी सुटा ‘न’ आहे तोच नकार.

## टप्पा ३ : नकाराची हद्द आखा

नकार सापडला, आता तो किती शब्दांवर राज्य करतो ते ठरवायचे. पंचशीलातले दुसरे शील सगळ्यांना पाठ आहे : ‘अदिन्नादाना वेरमणी’. ‘अ’ची हद्द फक्त ‘दिन्न’पुरती आहे : न दिलेले. त्या न दिलेल्याचे ‘आदान’, घेणे. आणि त्या घेण्यापासून ‘वेरमणी’, दूर राहणे. ‘अ’ची हद्द पुढे ‘आदान’पर्यंत ओढली तर ‘दिलेले न घेण्यापासून दूर राहीन’ असे काहीतरी अजब शील तयार होते.

‘अदुक्खमसुखा वेदना’मध्ये दोन नकार आहेत आणि प्रत्येकाची हद्द एकेक शब्द : अदुक्ख + असुख, मधला ‘म’ जोडणीचा. दुःखही नाही, सुखही नाही. पहिल्या ‘अ’लाच तेवढे पाहिले तर ‘दुःखरहित सुख’ हातात येते, जी वेगळीच वेदना आहे.

आपल्या उताऱ्यात हद्दीचा खरा प्रश्न दोन ठिकाणी आहे. एक, ‘पस्सतो’. हे ‘पाहणाऱ्याला’ या अर्थी आहे, आणि ‘न होति’ हा नकार त्याच्या कुंपणाच्या आत आहे. ‘नत्थिता नसते’ हे जगाबद्दलचे सरसकट विधान नव्हे, लोकाचा उदय यथाभूत पाहणाऱ्यापुरते ते आहे. ‘पस्सतो’ गाळून किंवा दुसऱ्या वाक्यात ढकलून केलेली भाषांतरे इथेच घसरतात.

दुसरे, ‘नाधिट्ठाति – अत्ता मे’ति’. नकार क्रियापदावर आहे, ‘अत्ता’वर नाही. ‘माझा आत्मा’ असे तो ठाण मांडत नाही. यावरून ‘माझा आत्मा नाही असे तो ठरवतो’ हे वाक्य फक्त अर्ध्या हाताने वेगळे वाटते, पण सुत्तांच्या दृष्टीने ते पलीकडच्या काठावर आहे. मज्झिम निकायातल्या सब्बासव सुत्तात ‘नत्थि मे अत्ता’ ही दृष्टीदेखील चुकीच्या लक्ष देण्यातून उपजणाऱ्या दृष्टींच्या यादीत घातलेली आहे.

आणि ही चूक करायला मराठी आपल्याला ढकलते. ‘तो येईल असे मला वाटत नाही’ म्हणताना आपल्याला ‘तो येणार नाही असे वाटते’ हेच म्हणायचे असते. ‘वाटणे’, ‘मानणे’ या क्रियापदांवर बसवलेला नकार मराठी कान आतल्या वाक्यात ढकलतो. म्हणून ‘तो माझा आत्मा आहे असे मानत नाही’ हे व्याकरणाने बरोबर असूनही वाचक ते ‘आत्मा नाही असे मानतो’ असेच ऐकतो. उपाय साधा आहे : असे क्रियापद घ्या ज्यावरचा नकार आत सरकत नाही. ‘ग्रह धरत नाही’, ‘ठाण मांडत नाही’. ‘ठाण’ आणि ‘अधिट्ठान’ एकाच धातूचे, हा वरचा फायदा.

## टप्पा ४ : दोन नकार शेजारी आले तर त्यांचे नाते ठरवा

आता कुठे दुहेरी नकाराकडे वळायचे. दोन नकार भेटले की ते कापले जातात, हा नियम पालीत नाही आणि खरे तर मराठीतही नाही. नाती वेगवेगळी असतात.

अट घालणारी जोडी. ‘न च अप्पत्वा लोकन्तं, दुक्खा अत्थि पमोचनं.’ रोहितस्स नावाच्या देवपुत्राला सांगितलेल्या या ओळीत ‘न’ आणि ‘अप्पत्वा’मधला ‘अ’ असे दोन नकार. लोकाचा अंत गाठल्याशिवाय दुःखातून सुटका नाही. मराठीचे ‘शिवाय… नाही’ इथे नेमके बसते. ‘लोकाचा अंत गाठला की सुटका होते’ असे सरळ होकारी करू नका. मूळ ओळ आवश्यक अट सांगते, हमी देत नाही.

ढीग लावणारी जोडी. ‘अट्ठानमेतं अनवकासो… नेतं ठानं विज्जति.’ सम्यक दृष्टी असलेला माणूस एखाद्या संस्काराला नित्य मानेल हे अशक्य, असे अंगुत्तर निकायाच्या एकक निपातात येते. तीन नकार, पण तिघेही एकच गोष्ट सांगतात आणि कोणी कोणाला कापत नाही. आपणही ‘छे छे, शक्यच नाही, होणार नाही’ म्हणतो. मराठीत तीनऐवजी दोन केले तरी चालतात, जोर टिकला पाहिजे.

दोन्ही बाजू नाकारणारी जोडी. ‘नेव होति न न होति तथागतो परं मरणा.’ इथल्या ‘न न’वर वजा-वजा चालवले तर वाक्य ‘तथागत असत नाही, असतो’ असे होऊन बसते. मराठीत ‘असतो असेही नाही, नसतो असेही नाही’. ‘नेवसञ्ञानासञ्ञायतन’ या ध्यानावस्थेच्या लांबलचक नावातही हीच रचना आहे, फक्त दुसरा नकार ‘नासञ्ञा’मध्ये (न + असञ्ञा) दोनदा दडलेला.

एका नकारी भूमिकेलाच नाकारणारी जोडी. आपले वाक्य इथे येते, आणि इथेच थोडे थांबू.

‘नत्थिता’ हा शब्द कसा बनला ते पाहा. नत्थि (न + अत्थि, ‘नाही’) आणि त्यावर ‘ता’ हा भाववाचक प्रत्यय. ‘नाही’ हा सगळा उद्गारच उचलून त्याचे नाम केले आहे. तसेच ‘अत्थि’चे ‘अत्थिता’. मराठीत ‘आहेपण’ आणि ‘नाहीपण’. पहिल्याच वाक्यात सांगितले आहे की जग बहुतांशी या दोहोंना धरून असते. धरून बसण्याच्या या दोन जागा आहेत. अट्ठकथा, म्हणजे सुत्तांवरची जुनी टीका, हीही त्यांचा अर्थ शाश्वत दृष्टी आणि उच्छेद दृष्टी असाच लावते.

म्हणून ‘नत्थिता न होति’मध्ये दुसरा ‘न’ पहिल्या ‘न’ला कापत नाही. पहिला ‘न’ नामाच्या पोटात बंद आहे, त्याला बाहेरच्या ‘न’चा हातच लागत नाही. बाहेरचा ‘न’ सांगतो की ही जागा पाहणाऱ्याजवळ राहत नाही. ती सोडली म्हणजे समोरची धरली, असे कुठेही म्हटलेले नाही.

पुरावा पुढच्याच ओळीत आहे. ‘नत्थिता न होति’चे ‘अस्तित्व असते’ केले, तर ‘अत्थिता न होति’ म्हणजे ‘अस्तित्व नसते’ त्याच माणसाच्या बाबतीत त्याला छेदते. आणि मग ‘उभो अन्ते अनुपगम्म’ला काही अर्थच उरत नाही, कारण आपण आपल्या हाताने तथागतांना आधी एका टोकावर आणि मग दुसऱ्यावर उभे केलेले असते. जे दुहेरी नकाराचे वाक्य होकारी केल्यावर शेजारचे वाक्य मोडते, ते वाक्य होकारी करायचे नव्हते.

सावधान : याच्या उलट टोकाची चूकही होते. घाबरून काही जण ‘नाहीपण असते असे नाही असे म्हणता येत नाही’ अशी साखळी लावतात. ‘म्हणता येत नाही’ हे मूळात नाही. मूळ ‘होति’ म्हणते, बोलण्याबद्दल ते काही सांगत नाही.

## टप्पा ५ : मराठीतला नकार निवडा

पालीचा एकच ‘न’ मराठीत चार दारांनी येतो : नाही, नव्हे, नसणे, नको. पालीला हा भेद करावा लागत नाही, आपल्याला करावाच लागतो. ‘नेतं मम’ – हे माझे नाही. ‘नेसोहमस्मि’ – हा मी नव्हे. ‘न मेसो अत्ता’ – हा माझा आत्मा नव्हे. तिसऱ्यात ‘माझा आत्मा नाही’ लिहिले की ‘मला आत्मा नाही’ असे विधान होते, म्हणजे टप्पा ३ मधली चूक मागच्या दाराने आत आली. ‘क्ष हा य नव्हे’ आणि ‘क्ष जवळ य नाही’ हा फरक मराठीला सहज दाखवता येतो. आजकाल लिहिताना ‘नव्हे’ जुनाट वाटतो म्हणून गाळतात. सुत्तांच्या भाषांतरात तो गाळू नये असे माझे ठाम मत आहे.

‘सा न होति’साठी माझी निवड ‘राहत नाही’. काटेकोरपणे ‘होति’ म्हणजे ‘असते’ आणि ‘नसते’ जास्त जवळचे. पण ‘नाहीपण नसते’ हे मोठ्याने वाचा : दोन नकार इतके अंगाला अंग लावून बसतात की ऐकणारा त्यांची पुन्हा वजाबाकी करतो. ‘राहत नाही’मध्ये ‘आधी होते’ अशी छटा थोडी वाढते. ती मी पत्करतो, कारण पहिल्या वाक्यात जग हे धरून असते असे येऊन गेलेले आहे.

नकारी उपसर्गाचे शब्द तत्सम करून ठेवणे ही मराठी भाषांतरकाराची आवडती पळवाट. शब्द ओळखीचा दिसतो आणि अर्थ दुसराच निघतो. ‘अदोस’ म्हणजे निर्दोषपणा नव्हे. लोभ-दोस-मोहातला ‘दोस’ हा द्वेष, म्हणून अद्वेष. ‘असङ्खत’चे ‘असंस्कृत’ केले तर निब्बाणाला आपण गावंढळ म्हणून बसतो. ‘न घडवलेले’ म्हणा. ‘अकुसल’चे ‘अकुशल’ वाचून रोजंदारीवरचा कामगार आठवतो. आणि ‘अभब्बो’ म्हणजे भव्य नसलेला नव्हे, असमर्थ : अर्हत जाणूनबुजून प्राण्याचा जीव घ्यायला ‘अभब्बो’ असतो, म्हणजे ते त्याच्याकडून होऊच शकत नाही.

## टप्पा ६ : उलटी तपासणी

आता आपला उतारा मराठीत :

> कच्चान, हे जग बहुतांशी दोहोंना धरून असते : ‘आहे’पणाला आणि ‘नाही’पणाला. लोकाचा उदय जसा आहे तसा सम्यक प्रज्ञेने पाहणाऱ्याला लोकाविषयीचे जे ‘नाही’पण ते राहत नाही. लोकाचा निरोध जसा आहे तसा सम्यक प्रज्ञेने पाहणाऱ्याला लोकाविषयीचे जे ‘आहे’पण ते राहत नाही. कच्चान, हे जग बहुतांशी ओढ, उपादान आणि आग्रह यांनी जखडलेले असते. हा मात्र त्या ओढीच्या, उपादानाच्या, चित्ताच्या त्या ठाणाच्या, त्या आग्रहाच्या आणि अनुशयाच्या जवळ जात नाही, त्यांना कवटाळत नाही, ‘माझा आत्मा’ असे ठाण मांडत नाही. उपजते ते दुःखच उपजते, विरते ते दुःख विरते, याबद्दल तो शंका घेत नाही, संशय धरत नाही. इथे त्याला दुसऱ्याच्या आधाराविना ज्ञानच असते. … ‘सगळे आहे’ हे एक टोक. ‘सगळे नाही’ हे दुसरे टोक. कच्चान, या दोन्ही टोकांच्या जवळ न जाता तथागत मधून धम्म सांगतात.

‘लोकाविषयीचे’ हा शब्द मी घातलेला आहे. मूळात ‘लोके’, ‘लोकात’, एवढेच आहे. छापताना असा शब्द चौकटी कंसात टाकावा किंवा टीप द्यावी, म्हणजे वाचकाला आपली भर कुठली ते कळते.

तपासणी दोन गोष्टींची. आधी मूळ बाजूला ठेवून फक्त मराठी एखाद्या पाली न शिकलेल्या माणसाला वाचून दाखवा आणि विचारा : याच्या मते जग आहे की नाही? ‘आहे’ किंवा ‘नाही’ असे ठणठणीत उत्तर आले तर टप्पा ४ पुन्हा करा. तो ‘दोन्ही धरायचे नाहीत म्हणतोय’ असे काहीतरी म्हणाला तर पुढे जा.

मग मोजदाद. पालीतले नकार : नत्थितं, नत्थिता, न होति, न होति, न उपेति, न उपादियति, नाधिट्ठाति, न कङ्खति, न विचिकिच्छति, अपरपच्चया, नत्थि, अनुपगम्म. एकूण १२. मराठीत प्रत्येकाखाली पेन्सिलीने रेघ ओढा : ‘नाही’पण दोनदा, राहत नाही दोनदा, जवळ जात नाही, कवटाळत नाही, ठाण मांडत नाही, शंका घेत नाही, संशय धरत नाही, आधाराविना, सगळे नाही, न जाता. १२ भरले. आकडा जुळलाच पाहिजे असे प्रत्येक उताऱ्यात नसते. ‘अट्ठानमेतं’सारख्या ढिगात एखादा कमी करायची मुभा आहे, पण कोणता आणि का गाळला ते आपल्याला सांगता आले पाहिजे. या उताऱ्यात ती मुभा नाही. वर्गात ११ भरले की मी आधी ‘नाधिट्ठाति’कडे बोट दाखवतो. बहुतेक वेळा हरवलेला नकार तिथेच सापडतो.